दोन मांजरांचं खरंच जमतंय का? चाटण्यावरून आणि झोपण्यावरून कसं ओळखायचं

एका मांजराने दुसऱ्याचं डोकं चाटलं की घरचे म्हणतात, "बघा, किती माया आहे!" थंडीत दोघं एकाच गोधडीवर अंगाला अंग लावून पडली की खात्रीच पटते. मग मे महिन्यात एक बाथरूमच्या फरशीवर आणि दुसरं माठाच्या तिवईखाली झोपायला लागतं, आणि त्याच घरात काळजी सुरू होते, की यांचं काही बिनसलं का? दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. इंदूरमध्ये जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि मेच्या दुपारी चाळिशी ओलांडतो. अशा गावात मांजरं जवळ झोपतात की लांब, यावरून काही ठरवायचं तर आधी हवामान बाजूला काढावं लागतं. चाटणं बारा महिने दिसतं. पण तिथेही कोण चाटतं एवढंच पाहून भागत नाही. चाटून घेणारं मांजर त्या वेळी काय करतं आणि प्रकार कसा संपतो, त्यात खरी माहिती असते.

ज्यांच्याकडे नुकतंच दुसरं किंवा तिसरं मांजर आलं आहे, त्यांनी दोन आठवडे एक वही ठेवली तर हे नीट कळू शकतं. ती कशी ठेवायची ते पुढे सांगितलं आहे.

डोकं आणि मानच का

मांजराची जीभ स्वतःच्या पोटापर्यंत, पाठीपर्यंत, शेपटीपर्यंत पोहोचते. डोकं, कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग आणि मानेची वरची बाजू मात्र तिच्या आवाक्याबाहेर असते. तिथे मांजर पंजा ओला करून फिरवतं, पण जिभेवरच्या मागे वळलेल्या टणक काट्यांनी केस जसे विंचरले जातात तसे पंजाने जात नाहीत. त्यामुळे दुसरं मांजर चाटतं ते बहुतेक याच भागात. गाल, हनुवटी आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंना वासाच्या ग्रंथीही असतात. चाटण्यातून आणि डोकं घासण्यातून एकमेकांचे वास मिसळतात, आणि घरातल्या मांजरांचा मिळून एक वास तयार होतो. "हा आपल्यातला" ही मांजराची ओळख बरीचशी या वासावर असते. हे लक्षात ठेवा, शेवटी दवाखान्याच्या भागात त्याची गरज पडेल.

परस्परांना चाटण्याला शास्त्रात अ‍ॅलोग्रूमिंग म्हणतात. रुड फान डेन बोस या डच संशोधकाने बंदिस्त जागेत एकत्र राहणाऱ्या २५ नसबंदी झालेल्या मांजरांवर याचा अभ्यास केला आणि तो १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं की चाटणं सारखं वाटलेलं नसतं. गटात वरचढ असलेली मांजरं खालच्यांना जास्त चाटत. चाटणारं बहुधा उभं किंवा ताठ बसलेलं असे आणि चाटून घेणारं बसलेलं किंवा पडलेलं. सुमारे एक तृतीयांश वेळा त्या प्रकारात थोडी चिडचिड किंवा झटापटही झाली, आणि पुष्कळदा ती चाटणाऱ्याकडूनच सुरू झाली. वरचढ मांजर आपला ताण उघड भांडणाऐवजी चाटण्यातून मोकळा करत असावं, असा अर्थ त्यांनी सुचवला. २००३ मध्ये अमेरिकेत टेरी कर्टिस, रिबेका नोल्स आणि शॅरन क्रॉवेल-डेव्हिस यांनी दुसरी बाजू दाखवली. जी मांजरं एकमेकांच्या जास्त ओळखीची किंवा नात्यातली होती, ती एकमेकांना जास्त चाटत आणि मीटरभराच्या आत जास्त वेळ राहत.

घरच्या मांजरांना दोन्ही लागू आहे. चाटण्यात जवळीक असते आणि थोडी दादागिरीही असते. तुमच्या घरी कोणाचं प्रमाण किती, ते वहीतून काढायचं.

वही कशी ठेवायची

दिवसातून दोनदा, प्रत्येकी पंधरा मिनिटं. सकाळचं खाणं झाल्यावर एकदा आणि रात्री घर शांत झाल्यावर एकदा. पोट भरल्यावर आणि झोपेआधी मांजर स्वच्छता करतं, त्यामुळे या वेळात पाहायला जास्त मिळतं. दोन-तीन मीटर लांब बसा. हाक मारू नका, कौतुक करू नका. तुम्ही जवळ गेलात की मांजर तुमच्याकडे वळतं आणि नोंद फुकट जाते. मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर फारच चांगलं, कारण कानांची हालचाल एका नजरेत सुटते.

प्रत्येक प्रसंगाची नोंद पाच गोष्टींत करा: कोण कोणाकडे चालत आलं, चाटायला कोणी सुरुवात केली, अंगाचा कोणता भाग, चाटून घेणाऱ्याची अवस्था आणि शेवट. वेळ सेकंदावर मोजायची गरज नाही. "थोडं", "मिनिटभर", "बराच वेळ" इतकं पुरे. पहिला रकाना नवे लोक हमखास सोडून देतात, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

चौथ्या रकान्यासाठी काय पाहायचं ते जरा सविस्तर सांगायला हवं. चाटून घ्यायला राजी असलेलं मांजर सैल पडतं. डोळे अर्धे मिटतं, मान तिरकी करतं, चाटणाऱ्याच्या जिभेखाली हनुवटी किंवा कानामागचा भाग आणून देतं. काही मांजरं आपण होऊन दुसऱ्याच्या पुढ्यात जाऊन डोकं खाली घालतात आणि थांबतात. हे मागणं आहे, आणि नात्याचा याहून स्पष्ट पुरावा घरात क्वचितच मिळतो. उलट, नाराज मांजर अंग आवळून बसतं, पंजे पोटाखाली घट्ट असतात, कान बाजूला पडतात, शेपटीचं टोक आपटतं, पाठीची कातडी थरथरते. ते गप्प असतं म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. उठायला गेलं की चाटणारं त्याच्या मानेवर पंजा ठेवतं किंवा मानगूट दातात धरतं, तेव्हा कुठे आपलं लक्ष जातं.

शेवट तीन प्रकारचे होतात. दोघं तिथेच झोपतात. किंवा चाटता चाटता चावा, दोन लाथा, थोडी कुस्ती, आणि काही मिनिटांत दोघं पुन्हा जवळपास. आवाज नसेल, नखं आत असतील आणि आळीपाळीने वरखाली होत असतील, तर याला भांडण म्हणू नका. तिसरा शेवट असा की चाटलं गेलेलं मांजर उठून जातं आणि चाटणारं त्याच जागेवर बसतं. खिडकी, सोफ्याचा कोपरा, कूलरसमोरची जागा अशा मोक्याच्या ठिकाणी हे वरचेवर दिसत असेल, तर ते चाटणं जागा खाली करून घेण्यासाठी आहे. त्यात राग नसतो, पण मायाही नसते.

झोपेचा पुरावा कधी धरायचा

मांजराच्या शरीराला ऊब किंवा गारवा मिळवण्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही असं तापमान साधारण ३० ते ३८ अंश असतं. माणसापेक्षा हे बरंच वर आहे. म्हणजे आपल्याला सुखद वाटणाऱ्या २० अंशांच्या खोलीतही मांजराला ऊब हवी असते, आणि डिसेंबरच्या रात्री दुसरं मांजर ही त्या खोलीतली सगळ्यात उबदार वस्तू असते. अशा वेळी एकमेकांना जेमतेम सहन करणारी मांजरंही एका गोधडीवर येतात. मेच्या दुपारी याच्या उलट. अंगाला अंग लागलं की उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून जिवाभावाची जोडीही फरशीवर वेगवेगळी पसरते.

म्हणून झोपेची चाचणी इंदूरच्या हवेत फेब्रुवारीच्या शेवटी किंवा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये घ्यावी, रात्री पंखाही नको आणि हीटरही नको अशा दिवसांत. कृती सोपी आहे. सारख्या मापाच्या दोन जागा तयार करा, प्रत्येकीत एक घडी घातलेली जुनी गोधडी किंवा मऊ साडी. खोके घेतलंत तर दोन्ही सारखी घ्या, आणि त्यात दोन मांजरं आरामात मावतील इतकी मोठी. दोन्ही एकाच खोलीत, एकाच उंचीवर, भिंतीला लागून, एकमेकांपासून किमान दोन मीटर लांब. एक जागा खिडकीत आणि दुसरी दाराच्या वाऱ्यात ठेवलीत, तर तुम्ही मांजरांची नव्हे, जागांची परीक्षा घ्याल. पहिले तीन दिवस वासाची सवय होण्यात जातात, ते धरू नका. त्यानंतरच्या सात रात्री, झोपण्याआधी आणि पहाटे उठल्यावर, कोण कुठे आहे ते लिहा.

दुसरी तितकीच चांगली जागा मोकळी असताना दोघं एकातच झोपत असतील, तर ती निवड आहे. एकेक जागा वाटून घेत असतील, तर आधीचं एकत्र झोपणं बहुतेक उबेसाठी किंवा जागेच्या टंचाईमुळे होतं.

झोपायची ढबही पाहा. एकाचं डोकं दुसऱ्याच्या पोटावर किंवा पाठीवर, पाय एकमेकांत, पोट उघडं, अशी झोप विश्वासाशिवाय येत नाही. एकाच पलंगाच्या दोन टोकांना, तोंडं बाहेर करून, पंजे टेकलेले आणि उठायच्या तयारीत, अशी झोप म्हणजे फक्त तह. पाठीला पाठ लागलेली असेल तर ती चांगल्याच बाजूला धरा.

उन्हाळ्यात स्पर्शाऐवजी अंतर पाहा. घरात गार फरशी सगळीकडे असताना दोघं त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर पसरत असतील, तर नातं शाबूत आहे. मात्र गार जागा एकच असेल, म्हणजे कूलरची झुळूक जिथे येते तेवढीच, तर एप्रिल-मेमध्ये तिच्यावरून कुरबुरी होतातच. ओल्या सुती चादरीची दुसरी एक जागा करून दिली की पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

एक घर धरून हिशेब

समजा, लोकमान्यनगरातला एक फ्लॅट. मनी ही चार वर्षांची भाटी, बोक्या हा तिचाच तीन वर्षांचा मुलगा, आणि आठ महिन्यांपूर्वी आलेली दोन वर्षांची ठमी. तिघांची नसबंदी झालेली. घरच्यांचं म्हणणं, "बोक्या दोघींनाही चाटतो, तिघं एकाच रजईवर झोपतात, सगळं छान आहे. फक्त ठमी हल्ली कपाटावरच का बसते ते कळत नाही."

चौदा दिवसांच्या वहीत चाटण्याचे बावीस प्रसंग. मनीने बोक्याला नऊ वेळा चाटलं, बोक्याने मनीला पाच वेळा, बोक्याने ठमीला आठ वेळा. ठमीने कोणालाही एकदाही नाही, आणि मनी-ठमीमध्ये काहीच नाही. नुसता आकडा पाहिला तर बोक्या-ठमीचं बरं चाललंय असं वाटेल. आता पहिला आणि शेवटचा रकाना वाचा. आठपैकी सहा वेळा ठमी आधीपासून खिडकीत बसलेली होती, बोक्या चालत आला, त्याने उभ्यानेच तिची मान जोरात चाटली, ती अर्ध्या मिनिटात उठली आणि तो तिथे बसला. उरलेले दोन प्रसंग रात्रीच्या खाण्यानंतरचे. त्यांत ठमी स्वतः त्याच्याजवळ गेली आणि तिने डोकं खाली घातलं.

झोपेच्या चाचणीत जागा तीन केल्या, कारण मांजरं तीन. सात रात्रींत मनी आणि बोक्या रोज एकत्र, मनीचं डोकं त्याच्या पाठीवर. ठमी पाच रात्री दुसऱ्या जागेत एकटी आणि दोन रात्री कपाटावर. तिसरी जागा रिकामीच. म्हणजे थंडीतली ती एक रजई तिघांच्या मायेची नव्हती. घरात आई-मुलाची एक जोडी आहे आणि बाजूला एक वेगळं मांजर आहे. ठमीचं त्यांच्याशी वैर नाही, बोक्याशी तर थोडी ओळख जमतेही आहे, पण खिडकी तिच्या वाट्याला येत नाही. कपाटावर बसण्याचं कारण तेच.

यावर उपाय चाटणं थांबवण्याचा नाही, खिडकीची टंचाई संपवण्याचा. दुसऱ्या खिडकीला फळी लावायची, दोन बाजूंनी चढता-उतरता येईल अशी, म्हणजे एकाने वाट अडवली तर दुसरी राहते. ठमीचं भांडं तिला खाताना मागून कोणी येणार नाही अशा जागी, दुसऱ्या खोलीत न्यायचं. मातीच्या पाट्या शेजारी-शेजारी असतील तर मांजराच्या लेखी ती एकच जागा, म्हणून निदान एक पाटी घराच्या दुसऱ्या टोकाला हवी. तीन आठवड्यांनी पुन्हा चौदा दिवस वही. खिडकीतले प्रसंग कमी झाले आणि रात्रीचे दोन तसेच राहिले किंवा वाढले, तर बदल लागू पडला. ठमी त्या जोडीत येऊन झोपेल अशी अपेक्षा धरू नका. मोठेपणी भेटलेली पुष्कळ मांजरं आयुष्यभर शेजारी म्हणून सुखाने राहतात.

जिथे हमखास चुकतं

नव्या मांजराच्या डोक्याला तूप किंवा साय लावायची, म्हणजे जुनं त्याला चाटेल आणि मैत्री होईल, असा सल्ला ऐकायला मिळतो. तो मानू नका. जुनं मांजर साय चाटतं, मैत्री करत नाही, आणि नव्याला मात्र अनोळखी मांजर मानेशी आलेलं सहन करावं लागतं. दोघांना एका खोलीत कोंडून किंवा एका पेटीत बसवून जवळ आणणंही तसंच.

कुस्तीला भांडण समजून ओरडणं ही दुसरी चूक. ओरडण्याने दोघं दचकतात आणि तो दचका एकमेकांच्या खात्यावर टाकतात. किंचाळणं, उडालेले केस, पलंगाखाली दडून बसणं असं काही असेल तर मध्ये पुठ्ठा किंवा उशी घाला, हात कधीच नको.

चाटणं एकाएकी बदललं तर वागण्याआधी शरीराचा विचार करा. एक मांजर दुसऱ्याच्या एकाच जागी, विशेषतः कानात, सारखं चाटत असेल तर तिथे जखम किंवा कानाचा आजार असू शकतो. नेहमी चाटणाऱ्याने चाटणं सोडलं तर त्याचं तोंड दुखत असेल, हिरड्या पाहून घ्या. केस गेलेली गोल चट्टी दिसली तर गजकर्णाची शक्यता धरून सगळी मांजरं तपासा, कारण चाटण्यातून आणि एका अंथरुणातून तो सहज पसरतो. मिशा एकाच बाजूच्या तुटलेल्या दिसल्या, तर जोडीदार त्या कुरतडत असण्याची शक्यता आहे.

आणि एकाच्या अंगावर जे लागेल ते दुसऱ्याच्या पोटात जातं, हे कायम ध्यानात असू द्या. मानेवर टाकायचं पिसवांचं औषध लावलं की ते पूर्ण सुकेपर्यंत, साधारण एक दिवस, मांजरं वेगळी ठेवा. कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजरांच्या घरात आणूच नका. कुत्र्याला लावलेलंही अंगाला अंग लागून मांजराला बाधतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. फिनाइलने पुसलेली ओली फरशीही तशीच घातक. रंगपंचमीला राजवाड्याच्या गेरवरून आलात तर आधी कपडे बदला, मगच मांजराला उचला. रंग लागलाच तर ते चाटायला लागण्याआधी ओल्या कापडाने पुसून काढा.

दवाखान्यातून परत आल्यावर

चांगली जोडी तुटते ती बहुतेक इथे. नसबंदीहून किंवा दातांच्या उपचारांहून आलेल्या मांजराला स्पिरिटचा, औषधाचा, परक्या मांजरांचा वास असतो. घरचा वास झाकला जातो आणि कालपर्यंत डोकं चाटणारा जोडीदार फिसकारतो. आलेलं मांजर गुंगीत असेल तर त्याची चालही वेगळी असते, त्याने संशय वाढतो.

आल्याबरोबर त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, किमान ती रात्र. आंघोळ घालू नका. दोघं ज्या गोधडीवर झोपत ती न धुता त्याच खोलीत द्या. एक मऊ सुती रुमाल घरच्या मांजराच्या गालांवरून आणि हनुवटीवरून हळू फिरवा, मग तोच आलेल्याच्या खांद्यांवर आणि पाठीवर. टाक्यांजवळ मात्र जाऊ नका. तासा-दोन तासांनी दोन-तीनदा हे करा. दुसऱ्या दिवशी दार चार बोटं उघडं ठेवून दोन्ही बाजूंना खाणं ठेवा. दोघं निवांत खात असतील आणि फटीतून नाकाला नाक लावून परत खायला वळत असतील, तर दार उघडा. फिसकारलं तर दार लावून पुन्हा रुमाल, घाई नको. आठवडाभरातही फिसकारणं कमी झालं नाही, किंवा घरचं मांजर दाराशी दबा धरून बसू लागलं, तर नव्या मांजराची ओळख करून देतात तशी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

टाके असतील तर आणखी एक काळजी. गळ्यातली कॉलर त्या मांजराला स्वतःचे टाके चाटू देत नाही, पण जोडीदाराला ती थांबवू शकत नाही. जखम भरायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर रात्री आणि तुम्ही घरात नसताना दोघं वेगळी, आणि तुमच्या नजरेसमोर एकत्र. जोडीदार डोकं, कान, मान चाटत असेल तर चाटू द्या, कॉलर घातलेल्या मांजराला आपलं तोंड स्वच्छ करता येत नसल्याने त्याचा उपयोगच होतो. जीभ पोटाकडे वळली की मध्ये पुठ्ठा घाला आणि त्या दिवसापुरतं दार लावा.